नानांच्या सायकलचा आवाज

पुणे
५ मे

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. या वेळी कामासाठी लिहितोय, तेव्हा चहा घेऊनच बस. आमची कन्या मागे लागली आहे. तिचं म्हणणं, दुकानाबाहेर 'येथे सायकलचे ओव्हरऑईलिंग करून मिळेल' ही पाटी वडिलांच्या काळापासून लटकते आहे आणि ती आता कोणी वाचत नाही. तर तुम्ही एक छोटी गोष्ट लिहा, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची, दहा-बारा ओळींची. ती आपण लोकांना पाठवू, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चार कामं जास्त येतील. मी म्हटलं, गोष्टी लिहिणारा माणूस नाशिकला बसलाय. आयुष्यभर जाहिरातींचा मजकूर लिहून पेन्शनीत निघालेला. त्याला विचारतो.

गोष्ट मी लिहिली आहे, खाली येईलच. पण नुसती ती दिली तर तू तिला इस्त्री करून पाठवशील आणि खरं काय घडलं ते बाजूलाच राहील. म्हणून आधी सगळं सांगतो. मग काय कापायचं ते तू ठरव.

गिऱ्हाईक म्हणजे नाना. तू त्यांना पाहिलेलं आहेस. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, शहरातून रोज सायकलने जा-ये. त्या काळी सकाळच्या पाळीला खडकीकडे सायकलींची रांग लागायची ती तुला आठवत असेल. सायकल तीच आहे, काळी, अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागे कॅरियर. मडगार्डावर महापालिकेच्या बिल्ल्याची भोकं अजून दिसतात. नाना आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. सायकल मंडई, वाचनालय आणि बँक एवढ्यापुरती. मुलाचं म्हणणं, भंगारात द्या. नाना सायकल हातात धरून दुकानात आले आणि म्हणाले, "जड झालीये रे. आणि टक् टक् करते. काय ते बघ, पण खर्च सांगून कर."

'जड झालीये' ही तक्रार आमच्याकडे रोज येते, आणि निम्म्या वेळा तिचं उत्तर हवा हेच असतं. नानांच्या मागच्या चाकात अंगठा दाबला तर टायर पोळीसारखा बसला. या जुन्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यात बारीक रबरी नळी असते, वॉल ट्यूब. ती उन्हाने वाळते, चिरते, आणि रात्रभरात हवा हळूहळू निघून जाते. माणूस पंक्चर समजून ट्यूब बदलतो. बघायची रीत सोपी आहे, तुलाही माहीत असेल. हवा भरायची, व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची आणि थांबायचं. फुगा आला की ट्यूब बाहेर काढायचीही गरज नाही, वॉल ट्यूब बदलली की झालं. चहापेक्षा स्वस्त काम. नानांचा फुगा आला.

हे मी त्यांना तिथेच सांगितलं. कन्येचं मत असं की हे गोष्टीत नको, कारण एवढ्याने काम भागतं असं कळलं तर लोक सर्व्हिसिंगला कशाला टाकतील? मला उलट वाटतं. थुंकी लावून दोन रुपयांचं दुखणं दाखवणारा माणूस उद्या आठशे रुपयांचं काम सांगतो तेव्हा गिऱ्हाईक त्याच्याशी वाद घालत नाही. तू यात मध्यस्थी कर.

हवा भरल्यावर सायकल हलकी झाली, पण टक् टक् राहिली. आणि इथेच खरी गंमत आहे. सायकलचा आवाज कुठून येतो हे कानाने शोधायला गेलास तर फसतोस, कारण सगळी फ्रेम पोकळ नळ्यांची. मागचा आवाज पुढून येतोय असं वाटतं. आवाज कुठे येतो यापेक्षा किती वेळाने येतो ते मोजायचं. पायडलच्या एका पूर्ण फेऱ्याला एकदा येत असेल तर दोष पायडल, क्रँक किंवा मधल्या धुरीत. चाकाच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर चाकात. पायडल थांबवून उतारावर नुसती सोडली तरी तो येतच राहतो. आणि साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा, जरा विचित्र तालात येत असेल तर चेनची एखादी कडी अडकते आहे, कारण चेन पूर्ण फिरून यायला पायडलचे तेवढे फेरे लागतात. नानांना मी समोरच्या बोळातून दोन चकरा मारायला लावल्या आणि स्वतः शेजारून चालत मोजत गेलो. उजवा पाय खाली येताना टक्. प्रत्येक फेऱ्याला. पायडल थांबवलं की शांत.

म्हणजे दोष चाकात नाही, चेनमध्येही नाही. राहिलं पायडल, क्रँक आणि धुरी. सायकल स्टँडवर चढवली, एक हात एका क्रँकवर, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध हलवले. दोन्ही एकत्र खेळले असते तर धुरीचे छर्रे सैल. पण इथे डावा जागेवर आणि उजवा तेवढा किंचित हलत होता. कॉटर पिन.

तुझ्या नव्या सायकलला ही पिन नाही, म्हणून सांगतो. जुन्या सायकलमध्ये क्रँक धुरीवर एका तिरप्या लोखंडी खिळीने पक्का केलेला असतो. खिळीची एक बाजू घासून सपाट केलेली असते, ती धुरीच्या खाचेवर दाबून बसते. एकदा सैल झाली की प्रत्येक वेळी पायाचा जोर आला की ती खाचेत आपटते, आणि आपटून आपटून तिच्या सपाट बाजूवर पायरी पडते. आवाज त्या पायरीचा. लोक वर्षभर हा आवाज घेऊन फिरतात, कारण सायकल चालते की. पण एक दिवस चढावर उभं राहून पायडल मारताना क्रँक खडकन घसरतो आणि पाय खाली जातो. पंचाहत्तरीच्या माणसाला ते परवडणारं नाही. नानांना एवढंच म्हटलं, "हा आवाज असताना उभं राहून मारू नका."

पिन बसवताना नवशिके पोरं एक चूक हमखास करतात. पिन भोकात घालतात आणि पान्याने नट आवळून तिला ओढून बसवायला बघतात. नटाचे आटे तेवढा जोर सहन करत नाहीत, तुटतात. पिन बसते ती हातोडीने. आणि हातोडी मारताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा टेकू द्यायचा, म्हणजे तो घाव जमिनीत जातो. नाहीतर तो सरळ धुरीच्या छर्र्यांवर बसतो आणि वाटीत खड्डे पडतात. एक दुखणं काढताना दुसरं घालून दिलं असं होतं. नट फक्त पिन परत सुटू नये म्हणून. दोन्ही बाजूंच्या पिना नव्या आणि एकाच जोडीच्या घातल्या, आणि दोघींची दिशा आपापल्या क्रँकच्या हिशेबाने सारखी ठेवली, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत राहत नाहीत, एक जरा पुढे राहतं आणि चालवणाऱ्याला कारण कळत नाही, नुसता गुडघा दुखतो. नानांना सांगितलं, आठवड्याने येऊन नट पुन्हा आवळून जा. नवी पिन पहिल्या आठवड्यात थोडी बसतेच. हे दुसऱ्यांदा आवळणं जो करत नाही त्याची टक् टक् महिन्यात परत येते आणि मग तो म्हणतो, नव्या मालात दम नाही.

आता ओव्हरऑईलिंगचं. मागचं चाक उचलून फिरवलं तर खरखर हाताला लागत होती. उघडलं तर आतलं ग्रीस वाळून तपकिरी झालेलं. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. डिझेलमध्ये धुऊन पांढऱ्या कागदावर ओतले तर तीन-चार मंद पडलेले, चकाकी गेलेली. अशा वेळी तेवढेच तीन-चार बदलायचे नसतात, हे वडिलांनी मला थोबाडीत मारून शिकवलं होतं. जुने छर्रे झिजून केसभर लहान झालेले असतात. त्यांच्यात नवे टाकले की सगळा भार त्या नव्यांवर येतो आणि तेच आधी फुटतात. अठराच्या अठरा नवे. एका कोनवर, म्हणजे छर्रे दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटावर, जिथे छर्रा फिरतो तिथे खड्डे होते, तो कोन बदलला. हबची वाटी नखाने चाचपली, गुळगुळीत होती, ठेवली.

कोन लावण्यात हाताचं काम आहे, आणि सर्व्हिसिंगचे पैसे माणूस खरं तर याच्यासाठी देतो. घट्ट लावला तर छर्रे चिरडतात, चाक जड. सैल लावला तर चाक डुगडुगतं. वरचा नट आवळताना कोनही थोडा आत सरकतो, म्हणून तो आधी किंचित सैल सोडायचा आणि आवळल्यावर बरोबर यायला हवा. बरोबर आला की नाही हे घरीही तपासता येतं. चाक उचलून धर, हळूच फिरवून सोड. जी जागा सगळ्यात जड आहे ती खाली येऊन झोके घेत घेत थांबली पाहिजे. मधेच कुठेतरी गपकन अडकून थांबली तर कोन घट्ट. मग रिम बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलव. टिचकीसारखा खेळ लागला तर सैल. दोन्ही नाही, तर झालं. हे मला एकदा-दोनदा परत खोलून करावं लागतं, आणि त्याची मला लाज नाही. एका फटक्यात कोन लावला म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

चेनवर नाना अडले. म्हणाले, "चेनही बदलून टाक, एकदाच काय ते." मी पट्टी आणली. चेनच्या पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजायचे. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर पडते. झिजलेल्या चेनमध्ये ती पुढे जाते. एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची, आणि एक अष्टमांशपर्यंत गेली असेल तर समजावं की फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले गेले, नुसती नवी चेन त्याच्यावर बसणार नाही, दाते सोडून उड्या मारेल. नानांची सोळांशाच्या अलीकडे होती. धुतली, वाळवली, प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब, आणि मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून टाकली. बाहेरचं तेल काही उपयोगाचं नसतं, ते नुसती धूळ धरतं. नाना म्हणाले, "पैसे मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार आहेस." वर, "म्हणूनच अजून भाड्याच्या जागेत आहेस," हेही म्हणाले.

ब्रेकचे रबर कडक होऊन काचेसारखे चकाकत होते, ते बदलले. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, फार नव्हता. आणि एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली. सळईचे ब्रेक आणि पोलादी रिम पावसात धरत नाहीत, नवे रबर घातले तरी नाही. ओल्या रिमवर पहिला एक-दीड फेरा नुसता पाणी पुसण्यात जातो. तेव्हा पावसात आधीपासून हलका ब्रेक लावत या. ओव्हरऑईलिंगने सायकल मूळ जशी होती तशी होते, त्याहून चांगली होत नाही. हे वाक्य मला गोष्टीत हवं होतं, पण कन्या म्हणते की यातून गिऱ्हाईक पळेल.

शेवटी सीट. नानांची खरी अडचण त्यांनी सांगितलीच नव्हती, ती मी टांग टाकताना पाहिली. पूर्वी एका पायावर दोन ढांगा मारून माणूस स्वार व्हायचा. आता त्यांना थांबलेल्या सायकलवर चढायचं असतं आणि सिग्नलला पाय टेकवायचा असतो. सीट दीड इंच खाली घेतली. त्याने पायडल मारायला थोडा जोर जास्त लागतो, गुडघा जास्त वाकतो, हे खरं. पण पाय जमिनीला पोचतो. त्यांना दोन्ही सांगून विचारलं, त्यांनी जमीन निवडली.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेले. आठवड्याने नट आवळायला आले ते तोंड पाडून. म्हणाले, "घरी वाद झालाय तुझ्यामुळे." मी घाबरलो. तर झालं असं की काकू गेली दोन वर्षं ती टक् टक् ऐकून चहा टाकायच्या. बोळाच्या तोंडाशी आवाज आला की आधण. आता नाना दारात येऊन उभे राहतात तरी त्यांना पत्ता नाही, आणि चहाला दहा मिनिटं थांबावं लागतं. काकूंचं म्हणणं, सायकल आधीच बरी होती.

मी नट आवळला आणि हँडलवरची गंजलेली घंटी खोलून साफ केली, आतल्या दातांना तेल दिलं. म्हटलं, वळणावर दोनदा वाजवा. याचे पैसे घेतले नाहीत.

आता ही गोष्ट मी अशी लिहिली आहे:

"नानांची सायकल दोन वर्षं टक् टक् करत होती. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. बोळात आवाज आला की काकू चहा टाकायच्या.

परवा नानांनी सायकल ओव्हरऑईलिंगला टाकली. कॉटर पिना बदलल्या, मागच्या चाकात नवे छर्रे आले, चेन धुतली. चेन बदलावी लागली नाही. सायकल गुपचूप चालू लागली.

आठवड्याने नाना तक्रार घेऊन आले. आता घरी पोचेपर्यंत काकूंना कळत नाही, आणि चहा मिळत नाही.

आम्ही घंटी दुरुस्त करून दिली. घंटीचे पैसे नाहीत.

तुमच्या सायकलचा आवाज घरच्यांना पाठ झाला असेल, तर एकदा दाखवून जा. बघायचे पैसे नाहीत. काय करावं लागेल आणि काय नाही, ते आधी सांगू. पूर्ण ओव्हरऑईलिंग ८०० रुपये, सुटे भाग वेगळे."

कन्येला शेवटी 'पहिल्या वीस जणांना सवलत' घालायचं आहे. मी नको म्हणतोय. माझा हात एकच; एका सायकलला नीट अर्धा दिवस जातो, आणि मे महिन्यात पोरांच्या सायकलींचा ढीग असतो. वीस जण सवलतीला धावले तर कोन लावायला जो वेळ द्यायचा तो कुठून आणू? दुसरं, 'सुटे भाग वेगळे' हे शब्द तिला खटकतात. पण ते काढले तर ८०० रुपयांत नवी चेनही बसेल असं वाटून माणूस येईल आणि काउंटरवर भांडण होईल. तू म्हणशील तर शब्द बदलू, पण मुद्दा राहू दे.

नानांना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. काकूंनी मात्र सांगितलंय की आपलं नाव कुठे यायला नको, म्हणून नुसतं 'काकू'. मला एक शंका आहे ती अशी की 'गुपचूप चालू लागली' पेक्षा काही बरं सुचतं का बघ. 'आवाज न करता' लिहिलं तर रुक्ष वाटतं.

आणि तुझी ती गिअरची सायकल, जी गॅलरीत कपडे वाळवायला उभी आहे असं वहिनी फोनवर म्हणाल्या, तिला एवढं कर. टायरच्या बाजूवर किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो, तेवढी भर आणि दुसऱ्या दिवशी बघ. टायर कडेने चिरला असेल तर आधी टायर, बाकीचं नंतर. हवा राहिली तर पायडल मारून बघ आणि आवाज येत असेल तर किती फेऱ्यांनी येतो ते मोजून मला कळव. पायडल काढायची वेळ आली तर लक्षात ठेव, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नकोस. पुण्याला गाडीने येशील तेव्हा डिकीत टाकून आण. तुझ्याकडूनही ८०० घेणार आहे, फुकट करून दिलं की लोक सायकल परत न्यायला महिना लावतात.

मजकूर या आठवड्यात पाठव, कन्या रोज विचारते. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या